‘दूर बघा’ सांगणारा व्हिडिओ मुलांची नजर पडद्यालाच बांधून ठेवतो: संहिता लिहिताना या चुका टाळा

शाळकरी मुलांसाठी डोळ्यांच्या ताणावर दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा ठरला की बहुतेक वेळा वीस-वीस-वीसचा नियमच निवडला जातो. स्क्रीनवर दर 20 मिनिटांनी काम थांबवायचे, किमान 20 फूट, म्हणजे सुमारे 6 मीटर, दूर असलेल्या वस्तूकडे बघायचे आणि 20 सेकंद तिथेच नजर ठेवायची. अमेरिकेतील दृष्टितज्ज्ञ जेफ्री आन्शेल यांनी हा नियम मांडला. तिन्ही आकडे एकच असल्यामुळे तो चौथीतल्या मुलालाही एकदा सांगून लक्षात राहतो. नियम इतका सोपा असूनही त्यावरच्या अनेक संहिता फसतात, आणि त्यामागचे कारण बहुधा एकच असते. नजर पडद्यावरून काढायला सांगण्याचे काम आपण पडद्यावरच्या चित्राकडे सोपवतो.

मी स्वतः हीच चूक केली होती. पाचवीच्या वर्गासाठी लिहिलेल्या माझ्या पहिल्या संहितेत वीस सेकंदांच्या विश्रांतीच्या वेळी पडद्यावर 20 पासून 1 पर्यंत रंगीत आकडे उड्या मारत उतरत होते, प्रत्येक आकड्याबरोबर एक फुगा फुटत होता आणि मागे संगीत वाजत होते. व्हिडिओ वर्गात दाखवला तेव्हा मी पडद्याशेजारी मुलांकडे तोंड करून उभी राहिले. ‘खिडकीबाहेर बघा’ हे वाक्य ऐकताच साऱ्या माना खिडकीकडे वळल्या, पण पहिला फुगा फुटल्याबरोबर त्या परत फिरल्या आणि उरलेला सगळा वेळ मुले मोठ्याने आकडे म्हणत पडद्याकडेच बघत राहिली. मुलांनी काहीच चुकीचे केले नव्हते. हलणाऱ्या गोष्टीकडे नजर जाणारच, आणि ती हलणारी गोष्ट मीच तिथे ठेवली होती.

तेव्हापासून विश्रांतीचा भाग मी फक्त कानांसाठी लिहिते. त्या वीस सेकंदांत पडद्यावर आकडा, अक्षर, चित्र किंवा सरकणारी पट्टी यांपैकी काहीही नसावे. पडदा गडद व्हावा आणि मुलांना धरून ठेवण्याचे काम निवेदकाच्या आवाजाने करावे. परत यायची वेळ झाली हेही मुलांना बघून कळता कामा नये, त्यासाठी शाळेच्या घंटेसारखा ओळखीचा आवाज असावा आणि तो विश्रांती सुरू होण्यापूर्वी एकदा वाजवून दाखवावा. घंटा कशी वाजते हे आधी ठाऊक नसेल, तर व्हिडिओ पुढे सरकला की काय या शंकेने मूल दर दोन-तीन सेकंदांनी पडद्याकडे डोकावत राहते.

सुधारलेल्या संहितेतील तो भाग असा आहे:

दृश्य: निवेदिका खिडकीकडे हात करते. पडदा हळूहळू पूर्ण काळा होतो.

आवाज: ‘ही घंटा ऐका. (घंटा) ती पुन्हा वाजेपर्यंत माझ्याकडे बघायचं नाही. खिडकीतून दिसणारी सगळ्यात लांबची वस्तू शोधा. झाड असेल, पाण्याची टाकी असेल, समोरच्या इमारतीची गच्ची असेल. सूर्याकडे मात्र बघायचं नाही. सापडली? आता तिथेच बघत राहा.’ (इथून वीस सेकंद) ‘पापण्या अलगद मिटा… उघडा.’ (चार सेकंद शांतता) ‘पुन्हा मिटा… उघडा.’ (चार सेकंद शांतता) ‘त्या वस्तूचा रंग नीट बघून ठेवा, मी विचारणार आहे.’ (उरलेला वेळ शांतता, मग घंटा)

दृश्य: पडदा उजळतो.

आवाज: ‘काय दिसलं? शेजाऱ्याला सांगा.’

शेवटचा प्रश्न रंजनासाठी घातलेला नाही, मुलाने खरोखर दूर पाहिले की नाही हे त्यावरूनच समजते. एका मुलाने मला ‘हिरवी जाळी’ असे उत्तर दिले होते. तो खिडकीकडे बघत होता, पण खिडकीबाहेर नव्हे. त्याची नजर हातभर अंतरावरच्या लोखंडी जाळीवर थांबली होती. म्हणून आता ‘खिडकीकडे बघा’ असे न लिहिता ‘खिडकीतून दिसणारी सगळ्यात लांबची वस्तू शोधा’ असे लिहिते. पापण्या मिटण्याची सूचनाही सहेतुक आहे. पडद्याकडे एकटक बघताना पापण्या नेहमीपेक्षा बऱ्याच कमी वेळा लवतात आणि अनेकदा अर्धवटच मिटतात, त्यामुळे डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर सुकतो आणि चुरचुर सुरू होते. दूर पाहिल्याने हा कोरडेपणा आपोआप जात नाही, त्यासाठी पापणी पूर्ण मिटावी लागते.

दुसरी नेहमीची चूक अंतर सांगताना होते. ‘वीस फूट’ म्हटल्यावर दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. त्यापेक्षा क्रिकेटच्या खेळपट्टीचा आधार घ्यावा: ती 66 फूट लांब असते, तेव्हा तिचा तिसरा हिस्सा 22 फूट होतो, आणि हे मुलांना मैदानावर पावले टाकून मोजताही येते. तरी खरी अडचण घरात येते. मुंबई-पुण्याच्या लहान सदनिकांमध्ये कित्येक खोल्या दहा-बारा फुटांच्याच असतात आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत असते. अशा घरातल्या मुलाला ‘वीस फूट झालेच पाहिजेत’ असे सांगितले, तर नियम आपल्यासाठी नाहीच असे समजून ते तो सोडून देते.

इथे नियमामागचे कारण लेखकाला माहीत असले की वाट निघते. जवळचे स्पष्ट दिसावे म्हणून डोळ्यातील भिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो आणि भिंग अधिक फुगीर होते; वस्तू जितकी जवळ, तितके त्याला अधिक आवळावे लागते आणि ती लांब गेली की तो सैल पडतो. हे काम अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे 30 सेंटिमीटरवर धरलेल्या मोबाइलवरून नजर उचलून 3 मीटरवरच्या, साधारण दहा फुटांवरच्या, वस्तूकडे नेली तरी ते नऊ-दशांशांनी उतरते. सहा मीटरला ते जवळपास शून्यावर येते म्हणून तो आकडा नियमात आहे, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला टांगलेले कॅलेंडरही चालते, हे संहितेत स्वच्छ सांगावे. भिंतीवर मोठा आरसा असेल तर त्याचाही उपयोग होतो. आरशातील प्रतिमा आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर असल्यासारखी दिसते, त्यामुळे दहा फुटांवरच्या आरशात आपल्या पाठीमागची भिंत पाहिली की डोळ्यांच्या दृष्टीने ती वीस फुटांपलीकडे जाते. लहान दवाखान्यांत तपासणीचा तक्ता आरशातून दाखवतात तो याच कारणाने. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

वेळेचा घोळ बहुतेकदा लिहिताना होत नाही, नंतर होतो. संकलन करणाऱ्याला गडद पडदा आणि चार सेकंदांची शांतता ही चूक वाटते, आणि तो ती सफाईने कापून टाकतो. माझ्या एका व्हिडिओत वीस सेकंदांची विश्रांती अशा रीतीने अकरा सेकंदांवर आली होती आणि ते आम्हाला वर्गात घड्याळ लावल्यावर कळले. म्हणून संहितेच्या समासात ‘ही शांतता मोजून ठेवलेली आहे, कापू नये’ असे ठळक लिहावे आणि तयार व्हिडिओवर ‘आता तिथेच बघत राहा’ या वाक्यापासून शेवटच्या घंटेपर्यंतचा वेळ स्वतः मोजावा. त्यात सुरुवातीच्या सूचनांचे सेकंद मिळवू नयेत, कारण तोवर मूल वस्तू शोधतच असते. आणखी एक गोष्ट मोठी मुले करतात: ती व्हिडिओ दुप्पट वेगाने लावतात आणि वीसचे दहा सेकंद होतात. यावर संहितेतच उपाय करावा लागतो. विश्रांतीच्या जोडीला ‘सहा संथ श्वास’ असे माप दिले की व्हिडिओ कितीही वेगात धावला तरी मुलाकडे स्वतःचे घड्याळ राहते, आणि व्हिडिओ नसतानाही, अभ्यासाच्या टेबलाशी, तेच माप उपयोगी पडते. आकडे मोजायला सांगू नयेत, कारण मुले वीस आकडे सात-आठ सेकंदांत संपवतात.

विश्रांती कशाला म्हणायचे याबद्दल एक वाक्य आवश्यक आहे. टॅबलेट बाजूला ठेवून लगेच वही उघडली, तर पडदा बदलला, पण डोळ्यांचे जवळचे काम तसेच चालू राहिले. टॅबलेटवरून मोबाइलकडे वळणे तर बहुधा आणखी जवळ जाणे असते.

आता ज्या चुकीची मला सर्वांत काळजी वाटते ती. अनेक संहिता ‘असे केले नाही तर डोळे खराब होतील, जाड चष्मा लागेल’ अशी सुरू होतात. पडद्यामुळे येणारा ताण, म्हणजे डोळे जड होणे, चुरचुरणे, कपाळ दुखणे, थोडा वेळ धूसर दिसणे, हा विश्रांतीनंतर ओसरतो. लघुदृष्टी, म्हणजे दूरचे अस्पष्ट दिसणे, ही वेगळी गोष्ट आहे आणि ती वीस सेकंद दूर बघून थांबत नाही किंवा जातही नाही. लघुदृष्टी सुरू होण्याची शक्यता कमी करण्यात ज्याचा उपयोग अभ्यासांतून पुढे आला आहे, ते म्हणजे दिवसाउजेडी घराबाहेर घालवलेला वेळ. तेव्हा व्हिडिओने ‘हा नियम पाळा, चष्मा लागणार नाही’ असे वचन देऊ नये. तसे दिले, तर चष्मा लागलेल्या मुलाला आपलेच काही चुकले असे वाटते आणि ज्याला फळा दिसेनासा झाला आहे ते मूल बोलायला घाबरते. निळ्या प्रकाशाच्या चष्म्यांची शिफारसही टाळावी. त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असे चाचण्यांत दिसलेले नाही.

त्याऐवजी ताण आणि दोष यांतला फरक मुलाला ओळखता येईल असा प्रश्न विचारावा. माझ्या संहितेचे शेवटचे पंधरा सेकंद आता यासाठीच असतात. निवेदिका म्हणते, ‘विश्रांती घेतल्यावरही फळ्यावरची अक्षरं पुसट दिसतात का? नीट दिसावं म्हणून डोळे बारीक करावे लागतात का, किंवा एक डोळा झाकावा लागतो का? तसं होत असेल तर आजच बाईंना किंवा आईबाबांना सांगा. डोळे तपासताना दुखत नाही.’ हे शेवटचे वाक्य एका मुलीने मला विचारलेल्या प्रश्नातून आले. व्हिडिओ संपल्यावर ती जवळ येऊन हळूच म्हणाली, ‘तपासताना सुई टोचतात का?’ दुसऱ्या बाकावर बसूनही तिला फळ्यावरची तारीख वाचता येत नव्हती.