कापसातला पांढरा धागा कशाचा? इन्फ्रारेड आलेखावरून असे ओळखा

वेचलेला कापूस खताच्या रिकाम्या चुंगडीत भरला, की चुंगडीचे उसवलेले धागे त्यात मिसळतात. पांढऱ्या कापसातला पांढरा धागा नुसता पाहून मात्र पॉलिप्रोपिलीनचा, नायलॉनचा की पॉलिएस्टरचा, ते सांगता येत नाही. पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमधून आलेल्या अशाच धाग्याची ही तपासणी.

कॉलेजात एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड आलेख काढणारे यंत्र असेल आणि त्याला एटीआर, म्हणजे नमुना स्फटिकावर दाबून मोजायचा भाग जोडलेला असेल, तर काम सोपे. आधी रिकामा स्फटिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळू देऊन पार्श्वभूमी नोंदवा. मग धागा स्फटिकावर आडवा ठेवून दाबाचा स्क्रू नीट आवळा. दाब कमी पडला की शिखरे बुटकी येतात. ४००० ते ६०० सेमी⁻¹ हा पट्टा, ४ सेमी⁻¹ विभेदन आणि ३२ स्कॅन पुरेत.

माझ्या पहिल्या आलेखात ३४०० च्या आसपास रुंद शिखरे आणि १६७५ जवळ एक मोठे शिखर आले. नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन आणि कार्बोनिल, म्हणजे नायलॉनच, असे वाटून गेले. पण नायलॉनची जोडी साधारण १६३५ आणि १५४० ला येते. ही तशी नव्हती. एटीआरला वरचा एकदोन मायक्रॉनचाच थर दिसतो, आणि या धाग्यावर युरिया चिकटला होता! कोमट पाण्यात खळखळून धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा आलेख काढला. ती शिखरे गेली. धुण्याची पायरी म्हणूनच आधी करा, मी उशिरा केली.

आता वाचायला सुरुवात करा. २९५० ते २८४० मध्ये कार्बन-हायड्रोजनची शिखरे पॉलिथिलीनलाही येतात आणि पॉलिप्रोपिलीनलाही, तेव्हा तिथे निकाल लावू नका. १३७६ पाहा: हे मिथिल गटाचे शिखर, आणि पॉलिप्रोपिलीनच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनवर मिथिल असल्याने ते १४५५ च्या जवळपास बरोबरीचे उंच असते. सोबत ११६७, ९९८, ९७३ आणि ८४१ हवीत. पॉलिथिलीनमध्ये १३७६ अगदी दुबळे, उलट ७३० आणि ७२० ची जोडी ठळक. आमच्या धाग्यात पॉलिप्रोपिलीनची सगळी शिखरे होती, ७२० ची जोडी नव्हती.

तरी १७१५ ला एक लहान, रुंद उंचवटा उरलाच होता. पॉलिएस्टरचे कार्बोनिलही तिथेच येते, पण त्याचे शिखर जोरकस असते आणि १२४० व १०९५ ला एस्टरची दोन दणदणीत शिखरे सोबत लागतात. इथे ती नव्हती. हा उंचवटा उन्हात तापून ऑक्सिडीकरण झालेल्या पॉलिप्रोपिलीनचा. धागा उघड्यावर पडून राहिला होता, एवढेच त्यावरून समजायचे.

धागा चुंगडीचा की पॉलिप्रोपिलीनच्या दोराचा, हे मात्र आलेख सांगत नाही. त्यासाठी भिंगातून पाहिले: आमचा धागा पट्टीसारखा चपटा होता, विणलेल्या चुंगडीला असतो तसा.