कापडी डायपर घेतले तरी पैसे का वाचत नाहीत? धुण्यातल्या या चुका टाळा

आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकर, त्यामुळे बाळ झाल्यावर घरात पहिला वाद हाच, कापडी वापरायचे तर पाणी कुठून आणायचं. तेव्हा आम्ही कागदावर हिशोब मांडला. दोन वर्षांत रोजचे सरासरी सहा बदल धरले (सुरुवातीला दहा-बारा, नंतर चार-पाच) तर साधारण ४,३८० डायपर होतात. युज अँड थ्रोचा एक डायपर ११ रुपयांना धरा, म्हणजे ४८ हजारांच्या आसपास. ओला झालेला एक डायपर १८० ग्रॅम धरला तर जवळपास ८०० किलो कचरा, एकट्या बाळाचा.

कापडीमध्ये पॉकेट डायपर, म्हणजे बाहेरचं कव्हर आणि त्याच्या खिशात घालायची ओल शोषणारी कापडी पट्टी, तीच इन्सर्ट. असे २४ डायपर इन्सर्टसकट ५०० च्या भावाने १२ हजार. एक दिवसाआड धुवायचे, फ्रंट लोडमध्ये आधी नुसती खंगाळणी आणि मग मेन वॉश धरून ९० लिटर, म्हणजे दोन वर्षांत ३३ हजार लिटर पाणी. डिटर्जंट आणि वीज मिळून सहा-सात हजार. बेरीज १९ हजारांच्या आत बसते.

पण पहिले तीन महिने आमचं हे गणित पार बिघडलं होतं आणि कारण होतं डिटर्जंट. बाळाची त्वचा नाजूक म्हणून मी एकच चमचा पावडर टाकायचे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, ते डिटर्जंटचा बराचसा जोर आधीच खाऊन टाकतं, मग इन्सर्टमधली लघवी नीट निघतच नाही. वास यायला लागला की मला वाटायचं साबण राहिलाय, म्हणून आणखी तीन वेळा खंगाळायचे आणि भीतीपोटी रोज मशीन लावायचे, आठच डायपर असले तरी. रोजचे १३० लिटर झाले! तसंच दोन वर्षं चाललं असतं तर ९५ हजार लिटर, म्हणजे जवळजवळ तिप्पट.

म्हणून वास आला की आधी कारण ओळखा. धुतलेला, वाळलेला एक इन्सर्ट काचेच्या बरणीत साध्या गरम पाण्यात घालून जोरात हलवा. फेस येऊन टिकून राहिला तर साबण उरलाय, पावडर कमी करा किंवा एक खंगाळणी वाढवा. फेस नाही, पण बाळाने आत्ताच शू केली आणि लगेच अमोनियासारखा नाकात झोंबणारा वास आला, तर धुणं कमी पडतंय किंवा क्षार साचलेत. आमचं हेच होतं. मी फक्त इन्सर्ट (बाहेरचं कव्हर नाही, त्याचं इलॅस्टिक आणि वॉटरप्रूफ थर खराब होतो) बादलीभर गरम पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व टाकून तासभर भिजवले, स्वच्छ खंगाळले आणि मग पाकिटावर जड पाण्यासाठी लिहिलेल्या पूर्ण मापाने धुतले. यात ब्लीच अजिबात घालू नका, विषारी वायू तयार होतो. दुसऱ्या धुण्यानंतर वास गेला आणि त्यानंतर मशीन एक दिवसाआडच, तेही भरल्यावर.

डायपर गळतोय अशी तक्रार असेल तर इन्सर्टवर पाण्याचा थेंब टाकून बघा. मोत्यासारखा वरच राहिला तर फॅब्रिक कंडिशनर किंवा रॅशच्या क्रीमचा थर बसलाय. कंडिशनर बंदच करा, क्रीम लावायचीच असेल तर मध्ये मलमलचा तुकडा ठेवा. नवा सुती इन्सर्टही सुरुवातीला पाणी कमी शोषतो, चार-पाच धुण्यांनंतर सुधारतो, त्याला लगेच खराब म्हणून टाकू नका.

आणि एकदम २४ घेऊ नका. आमच्या मावशीने चार आणून दिले होते, त्यातले दोन मांडीला बसलेच नाहीत, म्हणून पुढचे दुसऱ्या मापाचे घेता आले.

पावसाळ्यात इन्सर्ट दोन-दोन दिवस वाळत नाहीत, ड्रायरमध्ये विजेचं बिल वाढतं, म्हणून आम्ही रात्री एक युज अँड थ्रो वापरतो. रोज रात्रीचा एक धरला तर त्याचे दोन वर्षांचे आठ हजार आणि १३० किलो कचरा हिशोबात धरलाच पाहिजे, तरी सगळे युज अँड थ्रो वापरण्यापेक्षा हे खूपच कमी. त्यातली शी आधी कमोडमध्ये टाकायची, डायपर मात्र कधीही फ्लश करायचा नाही. मग तो कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा आणि ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळा द्यायचा. पुण्यात कचरावेचक ताईंना या ठिपक्यामुळे आत काय आहे ते न उघडता कळतं.