मध्यबिंदू पद्धतीने लवचिकता काढताय? या चुका टाळा

एका खानावळीत थाळीचा दर ८० रुपयांवरून १०० रुपये झाला आणि रोज खपणाऱ्या १२० थाळ्यांच्या ९० झाल्या, असं धरू. मागणी लवचिक की अलवचिक? मागणीतल्या टक्केवारी बदलाला दरातल्या टक्केवारी बदलाने भागलं की लवचिकता मिळते. चिन्ह सोडून ती १ पेक्षा जास्त असेल तर मागणी लवचिक, कमी असेल तर अलवचिक, नेमकी १ असेल तर एकक लवचिक.

नेहमीच्या शेकडेवारी पद्धतीने दर २५ टक्के वाढला आणि मागणीही २५ टक्केच घटली. म्हणजे लवचिकता १, मागणी एकक लवचिक. आता हेच गणित उलट्या बाजूने करा. दर १०० वरून ८० झाला, म्हणजे २० टक्के उतरला. थाळ्या ९० वरून १२० झाल्या, म्हणजे ३३.३३ टक्के वाढल्या. लवचिकता १.६७. खानावळ तीच, आकडे तेच, पण निकाल दोन. कारण टक्केवारी काढताना आपण दरवेळी सुरुवातीचा आकडा पायाला धरतो आणि दिशा बदलली की तो पायाच बदलतो.

मध्यबिंदू पद्धतीत पाया म्हणून दोन्ही आकड्यांची सरासरी घेतात. थाळ्यांची सरासरी १०५, दराची ९०. मागणीतला बदल ३० भागिले १०५, म्हणजे २८.५७ टक्के घट. दरातला बदल २० भागिले ९०, म्हणजे २२.२२ टक्के वाढ. भागाकार उणे १.२९. खालून वर जा किंवा वरून खाली या, उत्तर हेच येतं. मागणी लवचिक आहे.

पद्धत एवढीच. तरीही उत्तरं चुकतात, आणि त्यातल्या बहुतेक चुका उत्तराकडे नीट पाहिलं तर ओळखता येतात.

उत्तर बरोबर दुप्पट किंवा निम्मं आलंय

सरासरी काढताना बेरजेला दोनने भागायचं असतं. दोन्ही ठिकाणी विसरलात तर बिघडत नाही, कारण वरचा आणि खालचा दोन एकमेकांना छेदून जातात. घोटाळा होतो तो एकाच ठिकाणी विसरल्यावर. दराच्या बाजूला विसरलात तर २० भागिले १८० होतं आणि उत्तर २.५७ येतं. मागणीच्या बाजूला विसरलात तर ३० भागिले २१० होतं आणि उत्तर ०.६४ येतं. हे दुसरं जास्त घातक, कारण त्यात लवचिक मागणी थेट अलवचिक ठरते. म्हणून मी दोनने भागतच नाही. दोन्हीकडे सरळ बेरीज ठेवली की विसरायला काही उरत नाही.

एक्सेलमध्ये गणित करत असाल तर घोटाळा कंसांचा असतो. पुस्तकातलं सूत्र एका ओळीत सलग टाइप केलं की प्रोग्राम डावीकडून उजवीकडे भागतच सुटतो:

```
=(90-120)/(120+90)/2/(100-80)/(100+80)/2
```

याचं उत्तर येतं -9.92E-06, म्हणजे जवळजवळ शून्य. असा आकडा दिसला की मागणी कमालीची अलवचिक आहे असं समजू नका, कंस तपासा. मागणीचा पूर्ण भाग एका कंसात आणि दराचा पूर्ण भाग दुसऱ्या कंसात हवा:

```
=((90-120)/(120+90))/((100-80)/(100+80))
```

उणे चिन्ह आणि उलटा भागाकार

उत्तर उणे १.२९ आलं. उणे १.२९ हे १ पेक्षा लहान, म्हणून मागणी अलवचिक, असं लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. उणे चिन्ह फक्त एवढंच सांगतं की दर चढला तेव्हा मागणी उतरली. निवाडा करताना चिन्ह बाजूला ठेवून आकडा १ शी ताडायचा. उत्तर अधिक चिन्हाचं आलं तर मात्र थांबा. वजाबाकी करताना एका ठिकाणी नव्यातून जुनं आणि दुसऱ्या ठिकाणी जुन्यातून नवं गेलेलं असतं, नाहीतर दर वाढूनही खप खरोखर वाढलेला असतो. त्या दुसऱ्या शक्यतेकडे शेवटी येऊ.

दराचा बदल वर आणि मागणीचा खाली लिहिलात तर १.२९ ऐवजी ०.७८ मिळतं. आकडा दिसायला अगदी साधा असतो, त्यामुळे ही चूक नुसत्या नजरेला सापडत नाही. तिच्यासाठी पडताळा लागतो.

गल्ला मोजा

हा पडताळा बहुतेक जण करत नाहीत, आणि ही पद्धत वापरण्याचं खरं सुख तर त्यातच आहे. दर आणि खप यांचा गुणाकार दोन्ही वेळा करा. आधी ८० गुणिले १२०, म्हणजे ९,६०० रुपये. नंतर १०० गुणिले ९०, म्हणजे ९,००० रुपये. दर वर गेला, गल्ला खाली आला. दर आणि गल्ला उलट दिशांना गेले तर मागणी लवचिक, एकाच दिशेला गेले तर अलवचिक, आणि गल्ला जागचा हलला नाही तर एकक लवचिक. ०.७८ लिहिणारा इथेच पकडला जातो.

मध्यबिंदू पद्धतीत हा नियम अंदाजे नाही, तंतोतंत लागू होतो. १०० रुपयांना ९० ऐवजी ९६ थाळ्या खपल्या असत्या तर गल्ला पुन्हा ९,६०० झाला असता. मागणीत २४ भागिले १०८, दरात २० भागिले ९०, दोन्ही २२.२२ टक्के, लवचिकता नेमकी १. साध्या पद्धतीने याच आकड्यांची लवचिकता एका बाजूने ०.८ आणि दुसऱ्या बाजूने १.२५ येते, म्हणजे गल्ला न हलताही निवाडा एकदा अलवचिक, एकदा लवचिक.

म्हणूनच १.०५ ला ‘साधारण १’ म्हणून एकक लवचिक ठरवू नका. ९५ थाळ्या खपल्या तर लवचिकता १.०५ येते आणि गल्ला ९,५०० होतो. रोज शंभर रुपये कमी पडतात. मागणी लवचिक आहे, जेमतेम का होईना.

‘थाळीची मागणी लवचिक असते’

नाही. ८० ते १०० या टप्प्यात ती लवचिक आहे, एवढंच सिद्ध झालं. आपले दोन बिंदू जोडणारी सरळ मागणी रेषा खाली वाढवली तर ६० रुपयांना १५० थाळ्या येतात. आता ८० वरून ६० ला या. मागणीत ३० भागिले १३५, म्हणजे २२.२२ टक्के. दरात २० भागिले ७०, म्हणजे २८.५७ टक्के. लवचिकता ०.७८, आणि या वेळी ती खरी आहे, कारण गल्ला ९,६०० वरून ९,००० झाला: दर उतरला, गल्लाही उतरला. रेषा एकच, उतार एकच, तरी वरच्या टप्प्यात मागणी लवचिक आणि खालच्या टप्प्यात अलवचिक. उतार पाहून लवचिकता सांगणारे इथे हमखास फसतात.

आकडे बरोबर, तरी उत्तर खोटं

दर वाढला त्याच आठवड्यात कॉलेजला सुट्टी लागली असेल, तर ३० थाळ्यांतल्या किती दरामुळे घटल्या? सूत्राला ते कळत नाही. इतर परिस्थिती कायम असेल तरच हे दोन बिंदू एकाच मागणी वक्रावरचे असतात. दर आणि खप दोन्ही वाढलेले दिसले तर बहुधा वक्रच सरकलेला असतो.

मुंबईत जुलै २०१९ मध्ये बेस्टने साध्या बसचं किमान भाडं ८ रुपयांवरून ५ रुपये केलं. मध्यबिंदू पद्धतीने ही ४६.१५ टक्के घट. तेवढा आकडा ठाम आहे. पण त्याच वर्षी बेस्टच्या ताफ्यात भाडेतत्त्वावरच्या छोट्या वातानुकूलित बसही आल्या. त्यामुळे आधीचे आणि नंतरचे प्रवासी सूत्रात घालून जी लवचिकता निघेल, तिच्यात स्वस्त तिकिटाचा आणि नव्या बसचा परिणाम एकत्र मिसळलेला असेल. नव्या गाड्या न धावलेले मार्ग आणि भाडेकपातीच्या लगेच आधीचे-नंतरचे आठवडे घेतले, तर भाड्याचा परिणाम त्यातल्या त्यात वेगळा काढता येईल.