कांदा-लसूण मसाल्याच्या लेबलातला हिंग

शिरोली एमआयडीसीतल्या एका निर्यातदाराचा कांदा-लसूण मसाला जर्मनीला जाणार होता. लेबलाचा मजकूर जर्मनमध्ये करायचं काम माझ्याकडे होतं. मिरची, खोबरं, तीळ, धणे पटापट झाले, हिंगापाशी थांबलो. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे नुसता हिंग नसतो, त्यात डिंक आणि बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. मालकांना म्हटलं, ‘‘दादा, हिंगाच्या डब्याचा फोटो पाठवा.’’ फोटोत गव्हाचं पीठ दिसलंच.

ते म्हणाले, ‘‘अहो, हिंग चिमूटभर, त्यातलं पीठ किती?’’ पण युरोपीय संघाच्या ११६९/२०११ नियमात अ‍ॅलर्जीच्या १४ घटकांत गहू येतो, आणि त्याला प्रमाणाची अशी सूट नाही. मग हिंगापुढे कंसात त्याचे घटक लिहिले आणि ‘गव्हाचं पीठ’ ठळक केलं. नुसतं ‘ग्लुटेन’ चालत नाही, धान्याचं नाव लागतं. तीळही ठळक. खोबरं मात्र साधंच ठेवलं, ते त्या १४ मध्ये नाही. ‘गहू असू शकतो’ ही ओळ मालकांनी सुचवली होती. ती चुकून मिसळण्याच्या शक्यतेसाठी असते. इथे गहू मुद्दामच घातलाय.

साठवणुकीत ‘पॅकिंगपासून १२ महिने’ होतं. तिथे ग्राहकाला हिशेब करायला लावत नाहीत, म्हणून ‘अमुक महिना-वर्षाअखेरपर्यंत उत्तम’ केलं. मुदत तीन ते अठरा महिन्यांची असेल तर दिवस छापावा लागत नाही. ‘थंड, कोरड्या जागी, घट्ट झाकून’ तसंच राहिलं.

छपाईआधी एकच अट घातली: हिंगाचा ब्रँड बदलला, तर आधी मला डबा दाखवायचा.