महाबळेश्वरचे धुके आणि ढगाच्या तळाचे गणित : या चुका टाळा

जुलैमध्ये महाबळेश्वरला गेलेला माणूस परतल्यावर सांगतो, की तेथे इतके धुके होते की दहा पावलांवरचे झाडही दिसत नव्हते. डिसेंबरच्या पहाटे पुण्याजवळच्या नदीकाठी उभा असलेला माणूसही नेमके हेच सांगतो. दोघांच्या डोळ्यांना दिसते ते सारखेच असले, तरी एका ठिकाणची हवा डोंगर चढल्यामुळे थंड झालेली असते आणि दुसऱ्या ठिकाणची हवा जागची न हलता, जमिनीला टेकून थंड झालेली असते. ढग आणि धुके समजून घेताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे : ही हवा थंड कशामुळे झाली, हा प्रश्न आधी विचारला जात नाही.

चूक पहिली : “वर थंडी असते, म्हणून वर गेलेली हवा थंड होते”

हे उत्तर वर्गात इतक्या सहजपणे दिले जाते की त्यात काही खटकतही नाही. परंतु वर चढणारी हवा भोवतालच्या थंड हवेला उष्णता देऊन निवत नाही. तेवढा वेळ तिला मिळत नाही आणि हवा उष्णतेची वाहक म्हणूनही फारशी चांगली नाही. खरे कारण दाब हे आहे. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे 1010 हेक्टोपास्कल असतो आणि महाबळेश्वरच्या उंचीवर, म्हणजे साधारण 1350 मीटरवर, तो 865च्या आसपास उतरतो. बाहेरचा दाब कमी झाला की हवा प्रसरण पावते. प्रसरण पावताना तिला भोवतालच्या हवेला बाजूला सारावे लागते आणि त्या कामासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करते. सायकलच्या ट्यूबची वाल्व्ह दाबून हवा सोडली तर ती बोटाला गार लागते, त्यामागेही हेच कारण असते.

या थंड होण्याचा वेग ठरलेला आहे. हवा जोवर संपृक्त, म्हणजे वाफेने पुरती भरलेली, झालेली नसते, तोवर दर किलोमीटर चढाईला ती सुमारे 9.8 अंश सेल्सिअसने थंड होते. भोवतालची हवा कशीही असली तरी या वेगात बदल होत नाही, आणि यावरूनच पहिल्या उत्तरातील दोष उघड होतो. भोवतालची हवा महत्त्वाची ठरते ती वेगळ्या कारणाने : चढणारी हवा तिच्यापेक्षा उबदार राहिली तर ती आपोआप वर जात राहते आणि राशिमेघ, म्हणजे क्युम्युलस, उंच वाढतो, ती थंड पडली तर मागे खेचली जाते आणि ढग बसका राहतो.

चूक दुसरी : वाफेलाच ढग म्हणणे

पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. उकळत्या किटलीच्या तोटीला लागून बोटभर जागा रिकामी दिसते, तेथे वाफ असते. त्यापुढे जो पांढरा लोट दिसतो तो थेंबांचा असतो. ढगातील थेंबाचा व्यास साधारण 20 मायक्रोमीटर असतो आणि स्थिर हवेत तो सेकंदाला जेमतेम 1 सेंटिमीटर खाली येतो, त्यामुळे थोडासा वरचा झोतही त्याला तोलून धरतो. हे थेंब नुसत्या वाफेतून सहजी बनत नाहीत, त्यांना बसायला आधार लागतो. कोकणात हा आधार समुद्राच्या फेसातून उडालेल्या मिठाच्या कणांचा असतो, तर देशावर धूळ आणि धूर यांचा.

चूक तिसरी : ओल्या फुग्याचे तापमान दवबिंदू समजणे

ढगाचा तळ किती उंचीवर असेल, याचा अंदाज काढण्याची एक साधी रीत आहे. हवेचे तापमान आणि तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानापर्यंत थंड झाल्यावर ती संपृक्त होते ते तापमान, यांतील फरक घ्यावा आणि त्याला 125ने गुणावे. उत्तर जमिनीपासून मीटरमध्ये मिळते. हवा चढताना तिचे तापमान किलोमीटरला 9.8 अंशांनी उतरते, तर दवबिंदू 1.8 अंशांच्या आसपास उतरतो, म्हणून दोघांमधील अंतर किलोमीटरला 8 अंशांनी कमी होत जाते. जेथे हे अंतर संपते, तेथे ढगाचा तळ असतो.

ही रीत वापरताना हमखास होणारी चूक म्हणजे शाळेतील आर्द्रतामापकावरचे, ओले कापड गुंडाळलेल्या तापमापकाचे, म्हणजे ओल्या फुग्याचे, वाचन थेट दवबिंदू म्हणून घेणे. ओल्या फुग्याचे तापमान हवेचे तापमान आणि दवबिंदू यांच्या मध्ये कोठेतरी असते. त्यावरून दवबिंदू काढण्यासाठी कोष्टक वापरावे लागते. पावसाळ्यात या चुकीने फारसे बिघडत नाही, आणि म्हणूनच ती लक्षात येत नाही. मे महिन्यात मात्र ती मोठी होते. पुण्यात दुपारी तापमान 38 अंश आणि दवबिंदू 14 अंश असेल, तर फरक 24चा येतो आणि ढगाचा तळ जमिनीपासून 3000 मीटरवर निघतो. त्या वेळी ओला फुगा सुमारे 22 अंश दाखवील, आणि त्यालाच दवबिंदू मानले तर तळ 2000 मीटरवर आहे असे वाटेल. वळवाचे ढग गडगडत असताना पहिले थेंब जमिनीवर येण्यापूर्वीच विरून जाताना दिसतात, कारण त्यांना खरोखरच तीन किलोमीटर कोरड्या हवेतून यावे लागते.

उन्हात ठेवलेल्या तापमापकाचे वाचन घेणे ही याच जातीची दुसरी चूक. तिच्यामुळे तळ प्रत्यक्षापेक्षा उंच निघतो. शिवाय ही रीत जमिनीवरून उठलेल्या हवेच्या ढगांनाच लागू पडते. दहा किलोमीटरवरच्या पिसासारख्या तंतुमेघांचा, म्हणजे सिरसचा, आपल्या अंगणातील दवबिंदूशी काहीही संबंध नसतो.

कोकण ते वाई : एक गणित पूर्ण करून

आता जुलैतील एक दिवस घेऊ. कोकणच्या किनाऱ्यावर तापमान 29 अंश आणि दवबिंदू 25 अंश आहे. फरक 4चा, म्हणून ढगाचा तळ 500 मीटरवर. नैऋत्येकडून आलेली ही हवा सह्याद्रीच्या कड्याला अडते आणि तिला चढण्यावाचून मार्ग उरत नाही. पहिल्या 500 मीटरमध्ये ती 4.9 अंशांनी थंड होऊन 24.1 अंशांवर येते आणि तेथे थेंब धरू लागतात.

येथून पुढे तोच 9.8चा वेग चालू ठेवणे ही गणितातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तसे केल्यास महाबळेश्वरचे तापमान 16 अंशांच्याही खाली येते. प्रत्यक्षात वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते : एका ग्रॅममागे सुमारे 2500 जूल, म्हणजे एक किलो हवेचे तापमान अडीच अंशांनी वाढवण्याइतकी. ही उष्णता हवेतच राहत असल्यामुळे उबदार, दमट हवेत थंड होण्याचा वेग किलोमीटरला सुमारे 4 अंशांवर येतो. उरलेल्या 850 मीटरमध्ये हवा 3.4 अंशांनीच थंड होते आणि माथ्यावर 20.7 अंशांच्या आसपास पोहोचते. दोन उत्तरांतील फरक जवळजवळ पाच अंशांचा आहे. या पाच अंशांवरूनच कळते, की दर किलो हवेमागे सुमारे 2 ग्रॅम वाफेचे पाणी झाले. पर्यटक ज्याला महाबळेश्वरचे धुके म्हणतात, ते हेच पाणी. 500 मीटरवर तळ असलेल्या ढगाच्या पोटात 1350 मीटरवरचे गाव उभे असते, इतकेच. (त्या दिवशी लोणावळाही ढगातच असेल, कारण त्याची उंची सहाशे मीटरच्या पुढे आहे.)

हे पाणी पावसाच्या रूपाने माथ्यावरच पडून गेले, असे मानू. मग वाईकडे उतरणाऱ्या हवेत सुकवायला थेंब उरत नाहीत आणि ती पुन्हा 9.8च्या वेगाने तापते. वाई साधारण 700 मीटरवर आहे. 650 मीटरच्या उतारात हवा 27 अंशांपर्यंत पोहोचते. थेंब हवेतच राहिले असते, तर उतरताना ते सुकवण्यात उष्णता खर्च होऊन हवा 23 अंशांच्या थोडीच वर राहिली असती. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हाकेच्या अंतरावरच्या वाईत हजारही होत नाही, याचे कारण या उतारात आहे. हे गणित अर्थात ढोबळ आहे, कारण सगळी हवा जमिनीला चिकटून चढत-उतरत नाही आणि सगळे थेंबही माथ्यावर पडत नाहीत.

चूक चौथी : थंडी पडली की धुके पडणारच

हिवाळ्यातील धुक्यात हवा चढत नाही. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते, तिला टेकलेली हवा थंड होते आणि तापमान दवबिंदूपर्यंत उतरले की थेंब धरतात. म्हणून किमान तापमान किती याआधी संध्याकाळचा दवबिंदू पाहावा. उत्तरेकडून कोरडे वारे येत असतील आणि दवबिंदू 5 अंश असेल, तर पारा 9 अंशांपर्यंत घसरूनही सकाळ स्वच्छ राहते. उलट अवकाळी पाऊस होऊन गेला असेल, रात्री नऊला तापमान 18 व दवबिंदू 14 असेल आणि पहाटे 13 अंशांची अपेक्षा असेल, तर धुके शक्य आहे.

“शक्य” असेच म्हणावे लागते, कारण येथे वाऱ्याची अडचण आहे. वारा अगदीच पडलेला असेल तर पाणी दवाच्या रूपाने गवतावर बसते आणि हवा तेवढीच कोरडी होते; वारा जोराचा असेल तर वरची कोरडी, उबदार हवा खाली मिसळते. सेकंदाला एक-दोन मीटरची हलकी झुळूक थंडावा थोडा वर पसरवते आणि मग धुके दाटते.

दोहोंतील फरक जागेवरच ओळखता येतो. वाऱ्याबरोबर पांढरे लोट दरीतून वर चढत असतील आणि खाली उतरल्यावर हवा स्वच्छ मिळत असेल, तर आपण ढगात होतो. खोलगट जागी, नदीकाठी, उसाच्या ओल्या शेतांवर पांढरा थर बसलेला असेल आणि टेकडीवर चढताच ऊन लागत असेल, तर ते जमिनीचे धुके होय. सूर्य वर आल्यावर ते वरून वितळत जाते असे वाटते, पण थोडेसे ऊन धुक्यातून झिरपून जमीन तापवते आणि धुके तळापासून सुकू लागते. त्यामुळे नऊच्या सुमारास ते “उचलले” जाते आणि काही काळ डोक्यावर स्तरमेघाची पातळ चादर होऊन राहते. टेकडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र तेव्हा धुके नुकतेच सुरू झालेले असते.