बँकेचा सूर कसा ठरवावा: एटीएममध्ये अडकलेल्या पाच हजारांपासून सुरुवात

बँकेला आपुलकीनं बोलायचं असतं आणि भरवशाचंही वाटायचं असतं. बहुतेक ठिकाणी बोलण्याचा हा सूर ठरवण्याचं काम विशेषणांच्या यादीवर थांबतं: मैत्रीपूर्ण, विश्वासार्ह, आधुनिक. पण अशी यादी हातात घेऊन कुणालाही एक एसएमएस लिहिता येत नाही. म्हणून सुरुवात ग्राहकाच्या सर्वांत वाईट क्षणापासून करावी. समजा, आपली एक नागरी सहकारी बँक आहे. १४ जूनला ग्राहक एटीएममधून पाच हजार काढायला गेला, खात्यातून रक्कम वजा झाली, पण नोटा आल्या नाहीत.

पहिलं काम: आज काय जातंय ते गोळा करा. एसएमएस, नोटिसा, पत्रं, काउंटरवरचे फलक असे तीस-चाळीस नमुने काढा आणि मोठ्यानं वाचा. असा मजकूर हमखास सापडेल:

«प्रिय ग्राहक, आपला व्यवहार तांत्रिक कारणास्तव अयशस्वी झाला आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.»

यात नम्रता आहे, पण पैसे कुठे आहेत ते नाही. आता कुणी उत्साहानं मैत्रीचा सूर लावतो:

«अरेरे, पैसे अडकले? टेन्शन नका घेऊ, आम्ही आहोत ना!»

हे मला जास्त धोकादायक वाटतं. ज्याचे पाच हजार गेले त्याच्याशी सलगी केली की तो चिडतो.

दुसरं: आपुलकी आणि भरवसा कशानं दिसेल ते ठरवा. माझ्या मते आपुलकी म्हणजे माणसाशी बोलल्यासारखं वाक्य, आणि भरवसा म्हणजे रक्कम, तारीख व पुढचं पाऊल. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत. उशीर झाला तर तक्रारीची वाट न पाहता बँकेनं रोज १०० रुपये भरपाई द्यायची असते. मग संदेश असा होतो:

«एटीएममधून ₹५,००० निघाले नाहीत, पण खात्यातून वजा झाले. ते १९ जूनपर्यंत परत जमा होतील. तुम्हाला काही करायचं नाही. उशीर झाल्यास रोज ₹१०० भरपाई मिळेल.»

इथे दोन नियम लिहून ठेवा. ग्राहकाला नेहमी «तुम्ही». एका ओळीत «आपण» आणि दुसरीत «तुम्ही» नको. आणि «करण्यात येईल» टाळा. कोण करणार ते सांगा. मात्र १९ तारीख लिहिण्याआधी ताळमेळ पाहणाऱ्या विभागाला विचारा. त्यांना ती पाळता येत नसेल, तर आधी तिथलं काम सुधारायला हवं, कारण चुकलेली तारीख कोरड्या भाषेपेक्षा जास्त नुकसान करते.

लांबीही सांभाळावी लागते. इंग्रजी एसएमएसच्या एका भागात १६० चिन्हं मावतात, देवनागरीत ७०, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. वरचा संदेश तीन भागांत जातो. या क्षणी तो खर्च करावा. शिल्लक कळवणारा संदेश मात्र एका भागात बसवता येतो. एसएमएसचे साचे आधी नोंदवून घ्यावे लागतात आणि नंतर फक्त रक्कम-तारखेसारख्या जागा बदलतात, त्यामुळे शब्द नोंदणीआधीच पक्के करा.

तिसरं: सूर तोच ठेवून प्रसंगाप्रमाणे त्याची ऊब कमी-जास्त करा. थकलेल्या हप्त्यासाठी:

«५ तारखेचा ₹८,२०० हप्ता आलेला नाही. अडचण असेल तर १० तारखेपूर्वी शाखेत येऊन बोला, मार्ग काढू.»

इथे «मार्ग काढू» तेव्हाच लिहा, जेव्हा शाखाधिकाऱ्याला तसा अधिकार आहे. ठेवीच्या मुदतपूर्तीला थोडी ऊब चालते, पण उद्गारचिन्ह तिथेही एकच पुरे.

चौथं: काय कधीच बोलणार नाही, ते लिहा. हे पान मला सर्वांत मोलाचं वाटतं. «आजच खाते बंद होईल, खालील लिंकवर केवायसी करा» ही भामट्यांची भाषा आहे. बँकेनं स्वतःच घाई आणि लिंक एकत्र पाठवली, तर ग्राहकाला खरं-खोटं ओळखायला काहीच उरत नाही. म्हणून केवायसीचा संदेश असा:

«तुमच्या केवायसीची मुदत ३१ ऑगस्टला संपते. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा घेऊन शाखेत या. आम्ही ओटीपी कधीच विचारत नाही.»

शेवटी तपासणी. शाखेत आलेल्या पाच-सात ग्राहकांना, त्यात ज्येष्ठ नागरिक हवेतच, संदेश एकदा वाचायला द्या आणि तो काढून घ्या. मग दोनच प्रश्न विचारा: पैशाचं काय झालं? आता तुम्ही काय करणार? कुणी «बँकेत फोन करतो» म्हणालं, तर आपण लिहिलेलं «तुम्हाला काही करायचं नाही» त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही. ते वाक्य वर घ्या आणि पुन्हा वाचायला द्या.