भूवेष्टित देशासाठी व्यापारी मार्ग आखताय? या चुका टाळा

ज्या देशाला समुद्रकिनाराच नाही, त्याचा मार्ग आखायला बसलं की हात आधी नकाशाकडे जातो. जवळचं बंदर कोणतं, किती किलोमीटर, टनामागे भाडं किती, एवढ्यावर निर्णय होतो. पहिली चूक इथेच होते.

१,५०० किलोमीटरचा रेल्वेमार्ग ताशी २५ किलोमीटरच्या संथ वेगानेही ६० तासांत, म्हणजे अडीच दिवसांत संपतो. तरी माल पोचायला दोन आठवडे लागतात. हे दिवस बंदरात मालगाडीच्या वाघिणीची वाट पाहण्यात, सीमेवर इंजिन बदलण्यात, सील तपासण्यात आणि ट्रान्झिटच्या कागदपत्रांत जातात. रुळांची रुंदी बदलली तर आणखी एक थांबा वाढतो. मंगोलियाचे रूळ १,५२० मिलिमीटरचे, चीनचे १,४३५ चे. त्यामुळे सीमेवर एकतर क्रेनने कंटेनर उचलून दुसऱ्या वाघिणीवर ठेवावा लागतो किंवा डब्याखालची चाकं बदलावी लागतात. म्हणून मार्गाचा तक्ता करताना किलोमीटरच्या आधी माल किती वेळा हात बदलतो ते मोजा.

सरासरी दिवसही फसवतात. समजा, एका कारखान्याला रोज १०० टन कच्चा माल लागतो. पहिल्या मार्गाने माल सरासरी १४ दिवसांत येतो, पण अधूनमधून २६ लागतात. दुसऱ्या मार्गाने सरासरी १७, उशीर झाला तरी २०. पहिल्या मार्गासाठी १२ दिवसांचा, म्हणजे १,२०० टन जादा साठा ठेवावा लागेल, तर दुसऱ्यासाठी ३०० टन पुरतील. दुसऱ्या मार्गाचं भाडं टनाला ५ डॉलर जास्त आहे आणि वर्षात ३०० दिवस काम चालून ३०,००० टन लागतात असं धरलं, तर जादा खर्च दीड लाख डॉलर. माल टनाला २,००० डॉलरचा असेल तर वाचलेल्या ९०० टनांत १८ लाख डॉलर अडकत नाहीत, आणि १५ टक्के व्याजाने वर्षाला २,७०,००० वाचतात. महाग वाटणारा मार्ग इथे स्वस्त ठरला. तोच माल टनाला ४०० डॉलरचं धान्य असेल तर बचत फक्त ५४,०००, आणि पहिलाच मार्ग बरा. त्यामुळे ‘देशासाठी सर्वोत्तम मार्ग’ असा प्रश्न विचारूच नये. तो मालागणिक विचारावा.

नदीबाबत चूक वेगळी असते. जलमार्ग सगळ्यात स्वस्त हे खरं, पण पाणी असेल तोवर. पॅराग्वेचा बराचसा परदेशी व्यापार पॅराग्वे-पराना नद्यांवरून बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकांनी, समुद्राकडे जातो. २०२१ मध्ये परानाची पातळी कित्येक दशकांत झाली नव्हती इतकी खाली गेली आणि बार्ज अर्धवट भरूनच सोडावे लागले. बार्जमध्ये किती भरायचं हे अख्ख्या वाटेतली सगळ्यात उथळ जागा ठरवते. १,५०० टनांच्या बार्जमध्ये ७५० टनच भरता आले, तरी डिझेल आणि खलाशांचा खर्च जवळपास तेवढाच, म्हणजे टनामागचं भाडं जवळजवळ दुप्पट. नदीची वार्षिक सरासरी खोली पाहून आराखडा करू नका. त्या उथळ जागेच्या निदान तीस वर्षांच्या महिनावार नोंदी घ्या आणि तुमचा निर्यातीचा हंगाम त्यांवर ठेवून पाहा.

सगळ्यात महागात पडते ती चौथी चूक: दुसरं बंदर फक्त कागदावर ठेवणं. झांबियाचं उदाहरण मला फार शिकवणारं वाटतं. जानेवारी १९७३ मध्ये ऱ्होडेशियाने, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेने, सीमा बंद केली आणि दक्षिणेचा रस्ता तुटला. तांबं अंगोलातल्या लोबितो बंदराकडे वळवलं, तर १९७५ मध्ये तिथे यादवी पेटून लोबितोला जाणारी बेंग्वेला रेल्वेही बंद पडली. टांझानियातल्या दार-ए-सलामपर्यंतचा १,८६० किलोमीटरचा ताझारा रेल्वेमार्ग तेवढ्यात तयार झाला खरा, पण बंदराची ताकद तुटपुंजी. शेवटी ऑक्टोबर १९७८ मध्ये झांबियाला दक्षिणेचाच मार्ग पुन्हा उघडावा लागला. नवे रूळ होते, पण माल उचलायला पुरेशी जागा त्यांच्या टोकाला नव्हती.

पर्यायी बंदर खरं आहे का, हे ओळखायला शांततेच्या काळात तिथून नियमित माल पाठवून पाहा, वर्षाचा पाचवा हिस्सा तरी. धक्क्यावर जागा, सीमाशुल्काची पद्धत, रिकामे कंटेनर परत घेणारी शिपिंग कंपनी, ट्रकवाल्यांची साखळी, यांतलं काय कच्चं आहे ते तेव्हाच कळतं. दोन्ही मार्ग मध्येच एका पुलावरून किंवा एकाच सीमाचौकीतून जात असतील, तर बंदरं दोन असूनही तुमचा मार्ग एकच आहे. आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याच्या १२५ व्या कलमावर विसंबून राहू नका. त्यात समुद्रापर्यंत जाण्याचा हक्क मान्य आहे, पण अटी शेजाऱ्याशी करार करूनच ठरतात. करारात सीमा बंद करण्याआधी किती दिवसांची सूचना द्यायची आणि वाटेत अडकलेल्या मालाचं काय करायचं, ही दोन कलमं आधी शोधा. ती नसतील तर वाटाघाटीला तिथूनच सुरुवात करा.